फायबरचं जॅकेट शिवताना कडेची शिवण फार जाड होते, माया पातळ कशी करायची?

शुभांगी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. घरी ब्लाउज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म असं शिवणकाम करते. जॅकेट पहिल्यांदाच हातात घेतलंय, तेही बाबांसाठी. आमचं शेत राधानगरी रोडला आहे. मोटारीची लाईट रात्रीची असली की बाबा पहाटेपर्यंत उसाला पाणी पाजत बसतात आणि तसेच गाडीवरून घरी येतात. बाजारातलं जॅकेट त्यांना खांद्यात बसतं, पण पोटावर ओढतं, म्हणून म्हटलं आपणच शिवू.

गांधीनगरातून कापड आणलंय. वरून नायलॉन टाफेटा, आतून टाफेटाचंच पातळ अस्तर आणि मध्ये १०० जीएसएमचं पॉलिफिलचं, म्हणजे फायबरचं शीट. तिन्ही थर एकत्र ठेवून दोन-दोन इंचांवर आडव्या टिपा मारायच्या, रेडीमेड जॅकेटला असतात तशा. आधी उरलेल्या कापडावर एक पुढा आणि एक पाठ असा नमुना करून बघितला. त्यात तीन गोष्टी अडल्या.

पहिली म्हणजे कडेची शिवण. दोन्हीकडचे तीन-तीन थर, म्हणजे सहा थर एकावर एक येतात. मशीनचा पाय त्यावर चढतच नाही. चढवला तरी काखेत शिवण दांड्यासारखी उभी राहते. दुसरं, टिपा मारल्यावर तुकडा कागदी पॅटर्नपेक्षा आखूड झाला. तिसरं, पुढ्याच्या आणि पाठीच्या आडव्या रेषा कडेला जुळत नाहीत, अर्धा इंच खालीवर होतात.

बाबांची छाती ३८, मशीन घरगुती, मोटर लावलेलं. कुणी असं काही शिवलं असेल तर सांगा.

सीटकव्हरवाला

ताई, उद्यमनगरात सीट कव्हरचं काम करतोय बरीच वर्षं. फोम आणि रेक्झिन रोजच शिवतो. तुमचं घरगुती मशीन हितं कमी पडणार बघा. आमच्या मशीनला वरचा पाय पण चालतो, त्यामुळं वरचा थर मागं राहत नाही. सुई १८ नंबरची घाला, दोरा जाड घ्या, टाका मोठा ठेवा. आणि शिवण जाड झाली तर लाकडी हातोडीनं ठोकून काढा, गप बसती का न्हाई बघा. आम्ही असंच करतो.

रंकाळा_वॉकर

कोल्हापुरात कुठली एवढी थंडी? मी रोज सकाळी रंकाळ्यावर टी-शर्टवर फिरतो. एक स्वेटर आणि वरून रेनकोट घातला की झालं, एवढा खटाटोप कशाला?

शुभांगी_राजारामपुरी

@रंकाळा_वॉकर दादा, चालणाऱ्याला थंडी वाजत नाही. पाट फोडून बांधावर तासभर बसून बघा डिसेंबरात, तेही ओल्या पायानं.

@सीटकव्हरवाला ठोकायची कल्पना भारी आहे, पण पॉलिफिल ठोकून बसेल का? मी बोटानं दाबलं की ते परत फुगतंय.

पॅटर्नमास्तर

इचलकरंजीजवळ राहतो. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका युनिटच्या सॅम्पल रूममध्ये होतो, तिथे पॅडेड जॅकेट बरीच शिवली.

सीटकव्हरवाले भाऊ वरच्या पायाबद्दल बरोबर बोलतायत. फुगलेल्या थरांत खालचं कापड दाते ओढतात आणि वरचं कापड पाय अडवून धरतो. म्हणून टीप संपेपर्यंत वरचा थर पुढे सरकून चुणी पडते. घरगुती मशीनला लावायचा चालता पाय वेगळा मिळतो, तो घ्या. नाहीच मिळाला तर पायाचा दाब निम्म्यावर आणा आणि प्रत्येक रेषेवर आधी हातानं कच्चा धावदोरा घाला.

सुई मात्र १८ नको. रेक्झिनच्या मागे फोम असतो, तो काही बाहेर येत नाही. पॉलिफिलचे तंतू सुईच्या भोकातून बाहेर येतात आणि टाफेटावर पांढरी लव दिसायला लागते. नायलॉनला पडलेलं भोक बुजत नाही. ११ नंबरची अणकुचीदार सुई घ्या, पॉलिएस्टरचा बारीक दोरा, टाका साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. नमुन्यावर एक टीप मारून तिच्यावर तळहात जोरात घासून बघा. लव निघाली तर सुई बदला. तरीही निघत असेल तर तुमचं वरचं कापड विरळ विणलेलं आहे, त्याला सुईचा इलाज नाही.

ठोकल्यानं फोम बसतो कारण तो दाबला जातो आणि वरचं रेक्झिन त्याला तसंच धरून ठेवतं. पॉलिफिल परत उठतं. इस्त्री तर अजिबात लावू नका, तंतू वितळून तिथली ऊब कायमची जाते. शिवणीतून पॉलिफिल काढूनच टाकायचं, दुसरा मार्ग नाही. ते कसं ते सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

मालनकाकू

आम्ही वाकळ शिवतो तवा एक ओळ हिकडनं आन् एक तिकडनं घेतो. तसं केलं की कापड एका बाजूला जात न्हाई. शुभांगी, तू पण टिपा उलटसुलट मार, पोरी.

पॅटर्नमास्तर

मालनकाकू, वाकळेला तुमचं म्हणणं चालतं, कारण हाताचा धावदोरा कापडाला ढकलत नाही. मशीन ढकलतं. एक रेष डावीकडून, पुढची उजवीकडून मारली तर शेजारच्या दोन टिपांत वरचं कापड उलट दिशेला सरकतं आणि मधल्या पट्ट्यात तिरक्या चुण्या पडतात. म्हणून सगळ्या टिपा एकाच बाजूनं सुरू करायच्या. मधली रेष आधी मारायची, मग तिच्या वरच्या, मग खालच्या. दर वेळी दोरा तोडून परत पहिल्या काठावर यायचं. वेळ जातो, पण पट्टे सरळ राहतात.

आता आखूड होण्याचं. तिन्ही थर फुगून वरखाली होतात म्हणून टिपांच्या आडव्या अंगानं तुकडा आक्रसतो. पॅटर्न कापून मग टिपा मारल्या तर तो आखूड होणारच. आधी मोठ्या चौकोनी तुकड्यावर टिपा मारायच्या आणि त्यावर पॅटर्न ठेवून मग कापायचं. किती मोठा तुकडा घ्यायचा हे नमुन्यावरून कळतं. २० बाय २० इंचांचा तिन्ही थरांचा चौकोन घ्या, दोन इंचांवर रेषा आखून टिपा मारा आणि परत मोजा. तुमचा आकडा इथे लिहा, मग पुढचं बोलू.

नेहा_इस्लामपूर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी भाचीसाठी तयार क्विल्टेड कापड आणलंय. पण त्यावर दोराच नाही, नुसते ठिपके दाबलेले दिसतात. त्याची शिवण पण जाडच होणार का?

पॅटर्नमास्तर

नेहाताई, ते उष्णतेनं चिकटवलेलं कापड आहे. उसवायला टीपच नाही, म्हणून मायेतले थर हातानं सोलावे लागतात, आणि काही ठिकाणी वरचं कापडही फाटतं. लहान मुलाच्या जॅकेटला माया पाव इंचावर आणून तिला उरेब पट्टी गुंडाळा, त्याहून जास्त काही करू नका. शुभांगीताईंचं तसं नाही, त्यांच्या टिपा दोऱ्याच्या आहेत.

शुभांगी_राजारामपुरी

चौकोन केला. ११ची सुई, दाब कमी केलेला, कच्चा दोरा घालून. टिपांच्या दिशेनं १९ आणि ७/८ इंच भरलं, म्हणजे फारसा फरक नाही. पण उभ्या मापात १९ आणि १/४. लव थोडी निघते, पण जोरात घासलं तरच.

आता पाठीची उंची तयार २७ हवी. खाली दुमड आणि वर माया धरून साडेअठ्ठावीस. मग किती घ्यायचं?

पॅटर्नमास्तर

सोपं आहे. २० इंचांचे १९.२५ झाले, तर २८.५ इंच मिळायला २८.५ गुणिले २० भागिले १९.२५, म्हणजे २९.६ इंच लागतात. वरखाली एकेक इंच जास्त धरा, साडेएकतीस ते बत्तीस इंचांचा तुकडा घ्या. रुंदीला एवढं लागत नाही, एक-दीड इंच जास्तीचं पुरतं. हा हिशोब तुमच्याच शीटचा, तुमच्याच टिपेच्या अंतराचा आहे. बाहीला ६० जीएसएम घेतलं तर तिचा वेगळा चौकोन करावा लागेल.

रेषा जुळण्याचं उत्तरही यातच आहे. पुढा आणि पाठ, दोन्हींवर पहिली रेष खालच्या काठापासून सारख्याच अंतरावर आखा आणि तिथूनच वर मोजत जा. पॅटर्न ठेवताना खालचा काठ त्याच रेषेशी समांतर ठेवा. दोन्ही तुकडे सारखेच आक्रसलेत, त्यामुळे काखेपर्यंत रेषा आपोआप जुळतात. खांद्याकडून आखायला घेतलं की सगळा फरक कडेला येऊन साठतो. बाहीच्या रेषा मुंढ्याला जुळवायच्या भानगडीत पडू नका, तिथे गोलाई आहे.

सीटकव्हरवाला

मास्तर, छातीचं माप किती धरायचं ते पण सांगा की. आम्ही सीटला फोमची जाडी धरूनच कव्हर कापतो, न्हाईतर बसतच न्हाई.

पॅटर्नमास्तर

हे भाऊंनी फार नेमकं विचारलं. जॅकेटची भिंत जाड असली की बाहेरून घेर तेवढाच राहतो, पण आत माणसाला जागा कमी मिळते. टिपा मारलेल्या तुकड्याची जाडी सरासरी पाव इंच धरली, तर घेरातून सहापट पाव, म्हणजे साधारण दीड इंच जातो. स्वेटरवरून घालायचं जॅकेट म्हणून ७ इंच लूज धरला, तर ३८ अधिक ७ अधिक दीड, म्हणजे साडेशेचाळीस. बाजारातलं जॅकेट बाबांना पोटावर ओढतंय त्याचं एक कारण हेही असू शकतं, पण पोटाचा घेर वेगळा मोजूनच ठरवा.

आता शिवणीचं, मूळ प्रश्न.

टिपा मारलेल्या तुकड्यावर पॅटर्न ठेवून खडूनं कापायची रेष आखा. शिवणीला माया पाच-अष्टमांश इंच. पण लगेच कापू नका, कारण कात्री लागली की प्रत्येक आडवी टीप त्या काठाला मोकळी होते. आधी कापायच्या रेषेपासून अर्धा इंच आत, सगळ्या काठांनी एक टीप फिरवा. ही टीप शिवणीच्या रेषेच्या जरा बाहेर, मायेच्या बाजूला पडते, त्यामुळे शिवल्यावर बाहेरून दिसत नाही. मग कापा.

आता या टिपेच्या बाहेरच्या अर्ध्या इंचात ज्या आडव्या टिपा आहेत तेवढ्याच उसवा. आतल्या टिपा सुटत नाहीत, कारण फिरवलेल्या टिपेनं त्यांना पकडलेलं असतं. अस्तर एका बाजूला, टाफेटा दुसऱ्या बाजूला करा आणि मधलं पॉलिफिल छोट्या कात्रीनं टिपेला लागून कापून टाका. कात्रीचं चपटं अंग टाफेट्याला लावून, नाहीतर त्याला भोक पडतं.

मायेत आता दोन पातळ थर उरले. पुढा आणि पाठ जोडले की चार थर झाले, सहा जाड थरांच्या ऐवजी. तुमचं घरगुती मशीन हे आरामात शिवतं. प्रत्येक आडव्या रेषेवर एकेक टाचणी, मायेच्या बाजूनं लावा, म्हणजे जॅकेटच्या अंगावर भोक दिसणार नाही.

शुभांगी_राजारामपुरी

म्हणजे शिवणीच्या रेषेच्या आणि टिपेच्या मध्ये जे एक-अष्टमांश इंच आहे, त्यात पॉलिफिल राहू द्यायचं? तिथे शिवण जाड नाही का होणार?

पॅटर्नमास्तर

राहू द्यायचं. शिवणीच्या बरोबर रेषेवर कापलंत तर पॉलिफिलला धरणारं काही उरत नाही. दोन धुण्यांत ते आत सरकतं आणि शिवणीच्या कडेनं बोटभर पोकळ, गार पट्टा तयार होतो. तो अष्टमांश टिपेत आणि शिवणीत दोन्हीकडे अडकलेला असतो म्हणून हलत नाही. जाडी थोडी येते, हाताला कळते, पण टोचत नाही.

ऋता_शाहूपुरी

इथे मला वेगळं म्हणायचंय. मी अस्तर टिपांमध्ये घेतच नाही. टाफेटा आणि पॉलिफिल एवढ्यावरच टिपा मारते, अस्तराचं वेगळं जॅकेट शिवते आणि शेवटी आत उलटवून जोडते. मायेच्या कडा सगळ्या आत झाकल्या जातात, पट्टी लावायची कटकटच नाही.

पॅटर्नमास्तर

ऋताताई, चालतं, आणि आतून फार देखणं दिसतं. एक अडचण म्हणजे पॉलिफिल उघडं राहिलं तर दाते त्यात अडकतात. खाली पातळ मलमल किंवा टिश्यू पेपर घ्यावा लागतो. दुसरं, अस्तराला लूज नीट नसेल तर ते आतून फुगा धरतं किंवा बाही ओढतं. शेतात वापरायचं, वारंवार धुवायचं जॅकेट असेल तर मी तिन्ही थर एकत्रच घेईन. चिखल लागलेलं धुतल्यावर अस्तर आणि आतलं अंग वेगवेगळं वाळत बसत नाही. पण ही माझी आवड झाली.

ऋता_शाहूपुरी

माझी जॅकेट गावातल्या लग्नाला जाणाऱ्यांसाठी असतात, चिखलाचा अनुभव नाही 😀 पण मग तुमच्या पद्धतीत आतून कडा कशा झाकता?

पॅटर्नमास्तर

दोन मार्ग. उरेब पट्टी गुंडाळणं सगळ्यांना माहीत आहे, पण ती चार थरांवर आणखी चढते. मला आवडतो तो दुसरा. कापताना पाठीच्या अस्तराला कडेनं एक इंच माया ठेवायची, बाकी तिघांना पाच-अष्टमांशच. शिवून झालं की तिघांची माया कमीजास्त करून कापायची, पुढ्याचं टाफेटा सगळ्यात बारीक, पाव इंच. मग पाठीच्या अस्तराची लांब माया त्यांच्यावर वळवून, टोक आत मोडून, पुढ्याच्या अस्तरावर हातानं तुरपाई करायची. सुई फक्त अस्तरातून घ्यायची, टाफेट्यापर्यंत जाऊ द्यायची नाही, नाहीतर बाहेरून खड्डे दिसतात. काखेत हात लावून बघा, एक पातळ वळ लागते तेवढीच.

मालनकाकू

ह्ये मला पटलं. वाकळेची किनार आम्ही अशीच वळवतो, मागचं कापड पुढं आणून.

शुभांगी_राजारामपुरी

काकू, मग तुरपाईला तुमच्याकडेच घेऊन येते.

मास्तर, मुंढा राहिला. नमुन्यात बाही बसवताना वरच्या गोलाईत चुण्या पडल्या. ब्लाउजची बाही मी डोळे झाकून बसवते, इथे जमत नाही.

पॅटर्नमास्तर

कारण ब्लाउजच्या बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी मोठी असते आणि ती जास्तीची लांबी आपण जिरवतो. पॅडेड कापड जिरत नाही. बाहीची वरची उंची कमी करून गोलाई मुंढ्याएवढीच करा, शर्टाच्या बाहीसारखी चपटी. कडेची शिवण घालायच्या आधी बाही सपाट जोडायची, आणि मग बाही आणि कड एकाच टिपेत खालीपर्यंत. काखेत चार माया भेटतात. मुंढ्याच्या शिवणीची माया एका बाजूला बाहीकडे आणि दुसऱ्या बाजूला अंगाकडे वळवून कडेची टीप घाला. तेवढ्यानं गाठ निम्मी होते. बाहीला ६० जीएसएम घेतलंत तर कोपरही वाकतो आणि काखही सुटसुटीत राहते.

सीटकव्हरवाला

मास्तर, एक राहिलं. चेन. आम्ही सीटला चेन लावतो तवा कापड ताणून लावतो, म्हणजे झोळ येत न्हाई.

पॅटर्नमास्तर

जॅकेटला उलटं होतं, भाऊ. पुढ्याचा काठ आडव्या टिपांमुळे उभ्या दिशेनं ताणला जातो. ताणून चेन लावली की सोडल्यावर काठ आखडतो आणि चेन लाटेसारखी उभी राहते. आधी चेनच्या कापडी पट्टीवर प्रत्येक आडव्या रेषेची खूण खडूनं करा, डाव्या उजव्या दोन्हींवर. काठ न ताणता खुणेला रेष लावून हातानं कच्चं टाचा. समोरच्या काठातलंही पॉलिफिल पाव इंच जास्त आत काढा आणि आतून न भरलेली पट्टी लावा, म्हणजे चेनचा घोडा अडकत नाही.

रंकाळा_वॉकर

वाचून मलाही एक जॅकेट हवंसं वाटतंय. शुभांगीताई, शिलाई किती घेणार?

शुभांगी_राजारामपुरी

@रंकाळा_वॉकर दादा, टी-शर्टवरच फिरा सध्या.

मास्तर, शनिवारी मोठे तुकडे टिपायला घेते. एक शेवटचं. बाबांना बॅटरी ठेवायला आत खोल खिसा हवा. पुढ्यावर कापून खिसा बसवू की कडेच्या शिवणीत?

पॅटर्नमास्तर

कडेच्या शिवणीत. पुढा कापला की तिथल्या सगळ्या टिपा सुटतात आणि चारही बाजूंचं पॉलिफिल काढत बसावं लागतं. खिशाची पिशवी साध्या अस्तराची करा, आत काही भरू नका. फक्त जिथे खिसा येतो तेवढ्या भागात पाठीच्या अस्तराची ती लांब माया वळवता येत नाही, तिथे उरेब पट्टीच लावा.

ऋता_शाहूपुरी

कडेच्या शिवणीतला खिसा गाडीवर बसल्यावर उघडतो आणि बॅटरी पडते, हे मात्र बघा. मी तरी आतल्या अस्तरावर वरून लावते.

पॅटर्नमास्तर

अस्तरावर लावायचा तर टिपा मारायच्या आधीच लावायला हवा, नंतर नाही. नाहीतर आडव्या टिपा खिशाच्या तोंडातून जातील. शुभांगीताई, खिसा कुठे हे बाबांना विचारूनच मग टिपायला बसा.

शुभांगी_राजारामपुरी

विचारलं. ते म्हणतात, बॅटरी डोक्याला लावायची घेतलीय आता, खिसा मोबाईलला पाहिजे, तोही छातीवर. म्हणजे परत आखणी आली.